उंची पाच-आठ, बुटांसह

वाळूजच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. वय सत्तावीस. दिवसभर हातात गो-नो गो गेज. पार्टमध्ये ‘गो’ची बाजू गेली पाहिजे आणि ‘नो-गो’ची अडली पाहिजे, नाहीतर माल लाल क्रेटमध्ये. अशा माणसाने डेटिंग अ‍ॅप उघडल्यावर काय करावं? मुलींनाही टॉलरन्स लावला. वय चोवीस ते सव्वीस, उंची पाच-दोन ते पाच-पाच, पदवीधर, शाकाहारी, अंतर दहा किलोमीटर. (स्वतः दर रविवारी नान-खलिया हाणतो, पण तपासणी दुसऱ्याच्या मालाची असते.) जातीची चाळणी मात्र त्याला अ‍ॅपमध्ये लावावी लागली नाही. ती आईकडे तयार होती.

आठवडाभरात स्क्रीन रिकामी. मित्रांनी खापर अ‍ॅपवर फोडलं, पण हिशेब साधा आहे. समजा, आवाक्यात तीनशे मुली आहेत. वयाच्या अटीने शंभर उरल्या, उंचीने पन्नास, पदवीने पंचवीस, आहाराने डझनभर. प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर अगदी माफक वाटते. पण प्रत्येक अट आधीच्या अटीतून उरलेल्यांनाच कापत जाते. शिवाय त्या डझनभर मुलींच्याही अटी असतात आणि त्यांत बसला तरच हा त्यांना दिसणार. त्यात हा राहतो बजाजनगरला. अ‍ॅप अंतर मोजतं कावळ्याच्या वाटेने, पण कावळ्यालाही तिथून सिडको दहा किलोमीटरच्या बाहेरच पडतं. थोडक्यात, निम्मं शहर त्याने स्वतःच रिजेक्ट केलं होतं.

त्याचा स्वतःचा माल तरी काय दर्जाचा होता? फोटोत गाल गुळगुळीत, हनुवटीवरचा तीळ गायब. मागच्या दाराची चौकट मात्र कानाजवळ वाकलेली. फिल्टर पकडायचा असेल तर चेहऱ्याकडे बघूच नये, शेजारच्या सरळ रेषेकडे बघावं. उंची लिहिली होती पाच-आठ. मूळ पाच-सहा, उरलेले दोन इंच बुटांचे आणि आत्मविश्वासाचे. पत्ता ‘छत्रपती संभाजीनगर’. प्रत्यक्षात बजाजनगर महापालिकेत नाहीच. ते वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीत मोडतं.

एका थर्ड शिफ्टनंतर त्याने सगळ्याच अटी काढल्या. त्यात साक्षात्कार वगैरे काही नव्हता, फक्त कंटाळा होता. सेल्फीही काढून टाकला. इथे विज्ञान त्याच्या बाजूचं निघालं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 साली गणित मांडून दाखवलं होतं, की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. म्हणजे आधी हात लांब करून नाक फुगवायचं आणि मग फिल्टर लावून ते बारीक करायचं. रूममेटने पाच फुटांवरून फोटो काढला. तीळ परत आला. खाली लिहिलं : पाच-सहा, नान-खलिया, वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायत.

दोन दिवसांनी सिडकोतून मेसेज आला. ती बँकेत नोकरीला, वय एकोणतीस, उंची पाच-सात. जुन्या गेजने तीन ठिकाणी नापास.

“ग्रामपंचायत लिहिणारा पहिलाच माणूस बघितला,” तिने लिहिलं. “तुमच्याकडे पाणी कोणाचं?”

“एमआयडीसीचं.”

“म्हणजे महापालिकेच्या पाळीची वाट बघत नाही तुम्ही?”

या शहरात काही भागांत नळाला दिवसांच्या हिशेबाने पाणी येतं. त्यामुळे या प्रश्नातली ओढ बाहेरच्याला कळायची नाही.

रविवारी भेट ठरली ती मकबऱ्यावर. शहरातल्या जोडप्यांचं ते ठिकाण परंपरेनेच ठरलेलं. तिने भिंतीवर बोट ठेवलं. “इथपर्यंत संगमरवर. वर काळा दगड, त्याच्यावर गुळगुळीत चुना. घुमट मात्र पुन्हा संगमरवरी.” दिलरस बानूच्या या कबरीसाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या गाड्या फ्रेंच प्रवासी तावेर्नियेने पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल जुंपले होते. तरी दगड पुरवून वापरावा लागला. गिलावा मात्र अधूनमधून निघतो आणि पुरातत्त्व खात्याला तो पुन्हा चढवावा लागतो.

“तुमचा आधीचा फोटो मैत्रिणीने दाखवला होता,” ती म्हणाली. “तोही असाच होता. घुमटासकट.”

तो हसला. नंतर दोघांनी उंचीही मोजून टाकली, पाठीला पाठ लावून. ती इंचभर उंच. त्याने सवयीने रीडिंग दोनदा घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरी नळाला पाणी आलं होतं, मोटार लावायला कोणी नव्हतं. ती रिक्षाकडे पळाली. पुढच्या भेटीचा वार अजून ठरायचा आहे. तिच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या लाइनमनला विचारून ती कळवणार आहे. आईने मात्र अजून फक्त आडनाव विचारलंय.