आईचे खडे आणि साहेबांचा शेरा

पित्ताशयातले खडे दुखायला आईला मार्चच सापडला! तहसील कचेरीत वसुलीची धामधूम, साहेब कडक, आणि आमचा नवा कारकून रजेच्या अर्जाचा कागद समोर घेऊन घामाघूम. ऑपरेशन बुधवारी, जिल्हा रुग्णालयात. मार्चमध्ये रजा मागणाऱ्याकडे साहेब थकबाकीदाराकडे बघावं तसं बघतात.

पहिल्या मसुद्यात आईने धुणीभांडी करून त्याला कसं शिकवलं, हेच पानभर होतं. भाऊसाहेबांनी, म्हणजे अव्वल कारकुनांनी, चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब दुसऱ्या ओळीपुढं वाचत नाहीत. तिथं तारखा नसल्या की अर्ज परत."

"मग किरकोळ टाकतो."

"शिल्लक किती?"

वर्षाच्या आठ. त्यातल्या सहा बहिणीच्या लग्नात गेलेल्या. हव्यात चार. दोन किरकोळ नि दोन अर्जित अशी मोट बांधायला गेला, तर किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, हे कळलं.

"मेडिकल टाकू?"

"ते तू आजारी असशील तर. खडे आईच्या पोटात आहेत, तुझ्या नाही."

नियम अगदी स्वच्छ आहे. दाखला आणून स्वतःला टायफॉइड झाल्याचं सांगणारा वैद्यकीय कारणास्तव रजेवर जातो. खरं बोलणाऱ्याची आई मात्र 'खाजगी काम' ठरते. शिवाय रजा हा हक्क नाही, हे 1981 च्या रजा नियमांतच लिहून ठेवलंय. आजाराला ते कुणी कळवलेलं नाही, एवढंच.

शेवटी भाऊसाहेबांनी सांगितलं आणि पोरानं लिहिलं: मंगळवार ते शुक्रवार चार दिवस अर्जित रजा, शनिवार-रविवारची सुट्टी जोडून, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मिळावी. कारण, आईची शस्त्रक्रिया. रुग्णालयाचं पत्र सोबत. वसुलीचं टेबल शेजारच्या कारकुनाकडे, त्याची संमतीची सही खाली. रजेतला पत्ता, मोबाइल नंबर. सगळं मिळून आठ ओळी. आईचे कष्ट गेले, 'कृपावंत' गेलं, 'आपला आज्ञाधारक' तेवढं राहिलं.

"ती शेजारच्याची सही महत्त्वाची," भाऊसाहेब म्हणाले. "साहेबांना तुझ्या आईची काळजी नसते असं नाही रे. त्यांना आधी टेबलाची असते."

अर्ज आत गेला. दुपारपर्यंत बाहेर येईना. पोरगा शिपायाकडे बघत होता, शिपाई छताकडे. चारच्या सुमारास कागद आला. डाव्या समासात हिरव्या शाईत शेरा:

'मंजूर. बुधवारी 11 वाजता वसुलीची व्हीसी आहे. मोबाइल सुरू ठेवावा.'

ऑपरेशनची वेळही अकराचीच होती. पोरानं ते भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, शेरा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "चार्जर घेऊन जा."