वटपौर्णिमा कुणी पुढे ढकलली?

"अगं, इकडे ये जरा. ही जास्वंदीची फांदी तुझ्याकडे आलीये, ती बघायच्या निमित्ताने तरी ये." काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली की फांदी हे निमित्तच असतं. मी हातातली विळी खाली ठेवून गेले.

"ऐकलंस का? तू म्हणे वटपौर्णिमा पुढे ढकललीस."

"मी?"

"तूच. तुझा भाऊ मेअखेरीस येतोय, घरात पाहुणे, म्हणून सेक्रेटरीबाईंनी सगळ्या महिला मंडळाचा वड महिनाभर लांबवला. कोपऱ्यावरच्या वहिनी सांगत होत्या. दळण टाकायला गेल्या होत्या, तिथपर्यंत बातमी पोचलीय."

"काकू, पौर्णिमा माझ्या हातात असती तर मी ती रविवारीच ठेवली असती हो."

खरं दुखणं तेच होतं. कॅलेंडरात 31 मे, रविवार, आणि चौकोनात ज्येष्ठातली पौर्णिमा. सगळ्यांना सुट्टी. नोकरीवाल्या मुलींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं की त्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या वडाला जायचं आणि येताना मिसळ. आणि मंडळाच्या फळ्यावर मी लिहिलं 29 जून. वार सोमवार. रोष यायचाच.

"त्या चौकोनात 'ज्येष्ठ'च्या आधी एक बारीक शब्द आहे, तो कुणी वाचला नाही," मी म्हटलं. "अधिक."

"ते मला कळलं गं. जावयाचं वाण कुणाला द्यायचंय? मलाच ना! पण तरण्या मुलींना पटेल असं सांग. 'शास्त्रात नाही' म्हटलं की त्या मान वळवतात. गेल्या वर्षी 10 जूनला पूजा झाली, यंदा 29 जून. आणि पाडवा मात्र गेल्या वर्षी 30 मार्चला होता तो यंदा 19 मार्चलाच येऊन गेला. पाडवा अलीकडे, वड पलीकडे. ही काय तऱ्हा, असं विचारतात."

प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही त्यातच होतं. मी कुंपणाच्या कठड्यावर टेकले.

"काकू, चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा धरले तर 354 दिवस होतात. सूर्याचं वर्ष 365 चं. म्हणजे दर वर्षी आपले सण अकरा दिवस अलीकडे सरकतात. पाडवा सरकला तो तसाच, बरोब्बर अकरा दिवस. हे किराणाच्या उधारीसारखं आहे. वाण्याकडे दर वर्षी अकरा दिवस मांडले जातात, आणि उधारी महिनाभराची झाली की एक आख्खा महिना देऊन खातं चुकतं करायचं. मागे 2023 ला अधिक श्रावण होता, तेव्हा चुकतं केलं होतं. आता पुन्हा साचलं."

"आणि नाहीच चुकतं केलं तर?"

"तर वटपौर्णिमा एखाद्या वर्षी थंडीत आली असती. रमजान बघा ना, त्यांच्याकडे असा महिना घालत नाहीत, म्हणून तो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळ्यांतून फिरतो. पुन्हा त्याच ऋतूत यायला त्याला 33 वर्षं लागतात."

काकूंनी मान हलवली. "बरं, पण उधारी पाडव्यापर्यंत साचली आणि ज्येष्ठातच का फेडली? आषाढात फेडली असती तर माझे अनारसे आंब्याच्या गर्दीत तरी आले नसते."

"तिथेच तर यंदाची गंमत आहे. महिन्याला नाव सूर्य देतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य वृषभ राशीत शिरतो तो वैशाख, मिथुनेत शिरतो तो ज्येष्ठ, कर्केत शिरतो तो आषाढ. आणि ज्या महिन्यात सूर्य कुठेच शिरत नाही, म्हणजे संक्रांतच पडत नाही, तो अधिक. त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्याचं उसनं घेतो."

"बिचारा."

"आता यंदाचं बघा. वैशाखातली अमावास्या संपली 16 मेच्या रात्री, दीडच्या सुमारास. म्हणजे तारीख 17 लागली होती. सूर्य वृषभेत शिरला होता त्याच्या दोन दिवस आधी, 15 मेच्या सकाळी. ते वैशाखात जमा. पुढची अमावास्या संपते 15 जूनला सकाळी 8 वाजून 24 मिनिटांनी. आणि सूर्य मिथुनेत शिरतो त्याच दिवशी, दुपारी एकच्या आसपास."

"त्याच दिवशी?"

"त्याच सोमवारी. साडेचार-पाच तासांनी हुकला! त्यामुळे 17 मे ते 15 जून हा महिना संक्रांतीवाचून कोरडा राहिला आणि अधिक ठरला. सूर्य थोडा लवकर, सकाळी आठच्या आत मिथुनेत गेला असता, तर हाच महिना साधा ज्येष्ठ झाला असता. मग पुढच्या महिन्यात संक्रांत पडली नसती, कारण कर्केत तो जातो 16 जुलैला आणि त्याआधीच 14 ला अमावास्या संपते. म्हणजे अधिक आषाढ झाला असता, तुमच्या मनासारखा. आणि वटपौर्णिमा आली असती मेच्या शेवटी."

"म्हणजे कोपऱ्यावरच्या वहिनींचा रविवार चार-पाच तासांनी गेला."

"त्यांना तेवढं सांगा. माझ्या भावाचा त्यात काही हात नाही."

काकू खूप वेळ हसल्या. मग गंभीर झाल्या, कारण पुढचा मुद्दा त्यांच्या लाडक्या भाभींचा होता. गल्लीच्या टोकाला राहणारं बिहारचं कुटुंब. "भाभींनी तर 16 मेलाच वडाची पूजा उरकली. शनिवार होता, मी पाहिलं, आंबे आणि पंखा घेऊन गेल्या होत्या. त्यांचं चुकलं का मग?"

"अजिबात नाही. त्या पौर्णिमेला करतच नाहीत, त्यांची वटसावित्री ज्येष्ठातल्या अमावास्येला. एरवी त्यांच्यानंतर पंधरा दिवसांनी आपली. गेल्या वर्षी त्यांची 26 मे, आपली 10 जून, आठवतंय? त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे आपण जिला वैशाखी अमावास्या म्हणतो ती त्यांच्या ज्येष्ठात पडते. यंदा त्यांची अमावास्या झाली, लगेच अधिक महिना मध्ये घुसला, आणि आपली पौर्णिमा त्याच्या पलीकडे गेली. एरवी पंधरा दिवसांचं अंतर, यंदा 44 दिवसांचं."

"त्या म्हणत होत्या, आमचं कधीच झालं आणि तुम्ही अजून फळ्यावर तारीख खोडताय."

"म्हणू दे."

हे एक बरं असतं कुंपणाच्या गप्पांचं, वादात कुणीच समोर नसतं.

"आता तो खरा प्रश्न," काकू म्हणाल्या, आवाज खाली आणून. "31 ला पौर्णिमा आहे ना? वडही तिथेच आहे. सूत गुंडाळलं तर झाडाला कळणार आहे का निज की अधिक?"

हे मात्र मला आवडलं. हाच प्रश्न मंडळात कुणी स्पष्ट विचारायला तयार नव्हतं.

"झाडाला नाही कळणार. पण वर्षातून एकदा येणारे सण अधिकात करायचे नाहीत हा ठरलेला रिवाज आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्येष्ठ दोनदा आला तर वटपौर्णिमा दोनदा करायची का? कुठला तरी एक महिना धरावाच लागतो. धरला तो निज, ज्यात संक्रांत पडते तो. महिन्याचे उपास, एकादश्या, चतुर्थ्या या मात्र अधिकातही चालूच असतात, म्हणून यंदा एकादश्या 24 च्या ऐवजी 26. ज्या मुलींना सुट्टी नाही त्यांनी 29 ला पहाटे जाऊन यावं. पण 31 ला आपण मंडळातर्फे पूजा केली, तर गावातल्या बाकीच्या बायका महिन्याने वडाला जाताना आपल्याकडे बघतील."

"आणि टिळक पंचांगवाले?"

"त्यांचा राशींचा हिशेब निराळा, त्यांचा अधिक महिना कधी कधी आपल्याशी जुळत नाही. ज्यांच्या घरी ते पंचांग आहे त्यांनी आपल्या पंचांगाप्रमाणे करावं. मी फळा लिहिते तो कॅलेंडर बघून."

काकूंनी तेवढ्यात आत जाऊन एक जुनी वही आणली. त्यांच्या वहीत जगातलं सगळं आहे, दुधाचा हिशेबसुद्धा. "हे बघ. थोरल्या जावयाचं पहिलं अधिकाचं वाण. 2007. अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. तेहतीस अनारसे, चांदीचं ताम्हन. आणि यंदा पण 17 मे ते 15 जूनच! मी म्हटलं कॅलेंडरवाल्यांनी जुनंच छापलं की काय."

"नाही हो. 19 वर्षं झाली ना. सूर्याची 19 वर्षं आणि चंद्राचे 235 महिने जवळजवळ बरोबरीने संपतात, काही तासांचाच फरक. म्हणून 19 वर्षांनी तिथी तारखेवर परत येते. प्रत्येक वेळी इतकी नेमकी जुळेलच असं नाही, एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कधी महिनाही बदलतो. पण हे जुळलंय. त्या 19 वर्षांत अधिक महिने सात घालावे लागतात."

"म्हणजे सात वेळा अनारसे." काकूंनी बोटं मोडून बघितलं. "पुढचा कधी?"

"2029. अधिक चैत्र, मार्चमध्ये."

"तोवर जावई साठीकडे झुकेल. तेहतीस खाणार कसे, साखर वाढलीय त्याची." मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "तर यंदा पुढचंही सगळं उशिराच?"

"अधिक गेल्यावर जे येतं ते सगळं. आषाढी गेल्या वर्षी 6 जुलैला होती, यंदा 25 जुलैला. गणपती 27 ऑगस्टला आले होते, यंदा 14 सप्टेंबर. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. अकरा दिवस अलीकडे जायचे होते, महिना मध्ये आला, म्हणून अठरा-एकोणीस दिवस पलीकडे. सरळ वजाबाकी आहे. फक्त मकरसंक्रांत चंद्राला जुमानत नाही, ती सूर्याची. ती जानेवारीतच."

"मूर्तिकाराला बयाणा दिला की नाही गल्लीतल्या पोरांनी?"

"दिला असेल. त्यांना गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवडे जास्त मिळालेत, तरी ते शेवटच्या रात्रीच मांडव घालतील."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन येताना दिसल्या. काकूंनी फांदी सोडली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हो का! 15 जूनला सकाळी 8 वाजून 24 मिनिटांनी?" वहिनी थांबल्या. मी विळी उचलली आणि घरात गेले. काकू माझ्याहून चांगलं समजावतात.

संध्याकाळी फळ्यावर हे लिहिलं: 'मंडळाची वटपौर्णिमा 29 जून, सोमवार, निज ज्येष्ठ पौर्णिमा. नोकरीवाल्यांनी सकाळी सहाला नाक्यावर यावे, म्हणजे ऑफिस चुकणार नाही. वडाच्या फांद्या तोडून आणू नयेत. 31 मेच्या पौर्णिमेला मंडळाची पूजा नाही. मिसळीला यायचे असेल त्यांनी जरूर यावे, मी येणार आहे.'