अठरा मिलिमीटर

भिंतीकडे नुसतं पाहून किती गोण्या सिमेंट लागेल ते मी सांगतो, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. त्यामुळे आमची साइट इंजिनीअर दर शनिवारी मोबाइलवर इशारा पाठवते, तो मला वैयक्तिक अपमान वाटतो.

‘आतलं प्लास्टर, ५०० चौरस मीटर. हिशेबाने सिमेंट ४६ गोण्या. लागलं ६८.’

हिशेब तिचाच: जाडी १२ मिलिमीटर, मिश्रण एकास चार, शंभर चौरस मीटरला नऊ-सव्वानऊ गोण्या. सोमवारची शिल्लक अधिक आलेला माल, त्यातून शनिवारची शिल्लक वजा केली की वापर निघतो. तो त्याच आठवड्याच्या कामाशी ताडायचा. अख्ख्या इमारतीच्या अंदाजाशी ताडला, तर बोंब शेवटच्या मजल्यावर उठते.

माझं निदान तयार होतं: चोरी. म्हटलं, रिकाम्या गोण्या मोजा.

आता रिकामी गोणी ही स्वतंत्र चीज आहे. भरलेली गोणी गोदामात गपगुमान पडून असते. रिकामी झाली की संसाराला लागते. मुकादमाची बैठक ती, वॉचमनच्या खोपटाचं छप्पर ती, बायामाणसांच्या डोक्यावर पावसात खोळ ती, तान्ह्या पोराखालचं अंथरूण तीच. भंगारवाला तिला भाव देतो, म्हणून मुकादम तिच्यावर जीव लावतो. साहेबाच्या गाडीतही दोन असतात, बुटांखाली. हा साहेब मी.

तर सगळा गोतावळा जमवून गोण्या भरल्या अडुसष्ट. चोरी नाही. पंचाईत झाली.

इंजिनीअर मला पुढच्या भिंतीपाशी घेऊन गेली. प्लास्टरआधी जाडीचे ठिय्ये मारले होते. एका टोकाला १२ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला २४. ओळंबा सोडला, तर भिंत वर जाता जाता मागे रेलत गेलेली. ‘१२ ला ४६, तर ६८ ला किती?’ त्रैराशिक! उत्तर जवळजवळ १८. म्हणजे सिमेंट खाल्लं प्लास्टरने, पण भूक वीटकामाची. ते वीटकाम मी सगळ्यात कमी दराने पटवलं होतं, आणि तो दर मी दोन लग्नांत ऐकवला होता.

आमचे प्लास्टरवाले मिस्त्री बाजूला थापी पुसत उभे होते. त्यांना मजुरी चौरस फुटावर, जाडीवर नाही. दुसऱ्याची वाकडी भिंत सरळ करायला त्यांनी जाड जागी दोन थर दिले, कारण एकदम जाड थापलं तर माल ओघळतो, तडकतो. त्या जादा थराचे पैसे कोणी विचारले नव्हते. वर आठवडाभर माझा संशय त्यांच्यावरच. ‘साहेब, भिंत सरळ दिसली पाहिजे ना,’ एवढंच म्हणाले.

आता ओळंब्याची तपासणी झाल्याशिवाय वीटकामाचं बिल निघत नाही. मिस्त्रींना जादा थराची मजुरी दिली. शनिवारी इशारा आलाच: ‘मजुरी, हिशेबापेक्षा जास्त.’ या वेळी मी ‘बरोबर आहे’ असं उत्तर पाठवलं, तेही साहेबी थाटात.