बयताड मेडिकलवाल्याची स्तुती

विनोद जुनाच आहे. डॉक्टरांनी शेजाऱ्याला जेवणाचं आमंत्रण लिहून पाठवलं. घरात कुणालाच ते वाचता येईना, म्हणून पोराला मेडिकलवर पिटाळलं. मेडिकलवाल्यानं कागद पाहिला, आत गेला, एक बाटली आणि गोळ्यांची दोन पाकिटं काउंटरवर ठेवली आणि पैसे सांगितले. अमरावतीत हा विनोद तिथल्या डॉक्टरांवर सांगतात, अकोल्यात अकोल्याच्या. ऐकणारा लगेच हसतो, कारण त्यानं स्वतः असा कागद कधीतरी मुकाट्यानं पुढे केलेला असतो आणि समोरच्यानं तो क्षणात वाचलेला असतो.

या विनोदातला हुशार माणूस म्हणजे मेडिकलवाला. मला मात्र दुसऱ्याची स्तुती करायची आहे. चिठ्ठी हातात घेऊन जो म्हणतो, "मले नाई समजून रायलं, डॉक्टरले फोन लावतो," त्याची. आमच्याकडे अशा माणसाला बयताड म्हणतात.

हुशार मेडिकलवाला अक्षर वाचतच नाही. त्याचं दुकान दवाखान्याच्या खाली असतं, किंवा जिन्याला लागून. वरचे डॉक्टर नेहमी कोणत्या कंपनीच्या कोणत्या गोळ्या लिहितात, हे त्याला पाठ असतं. पहिलं अक्षर, नावाची लांबी, पुढचा आकडा आणि १-०-१, एवढ्यावर नाव जुळतं. नाव आधी त्याच्या डोक्यात असतं, कागद फक्त आठवण करून देतो. म्हणूनच विनोद खरा वाटतो. आमंत्रणाच्या कागदावरही त्यानं औषधच पाहिलं असतं.

हीच चिठ्ठी एसटीनं दर्यापूरला किंवा मूर्तिजापूरला पोचली की मुकी होते. अकोल्यात सहज वाचलेल्या त्याच ओळीपुढे गावातला मेडिकलवाला थबकतो. त्याला त्या डॉक्टरांची सवय नाही, त्यामुळे त्याच्याकडे फक्त अक्षर उरतं, आणि अक्षरात काही नसतं. गिऱ्हाईक म्हणतं, "येले वाचताच येत नाई." त्याला खरोखर वाचता येत नाही, आणि तो ते कबूल करतो, ही त्याची थोरवी.

ओळखीच्या आकारावर विसंबलं की काय होतं, याचा एक खटला इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात चालला. डॉक्टरांनी छातीच्या संसर्गासाठी 'अमॉक्सिल' लिहिलं. औषध देणाऱ्याला ते 'डाओनिल' वाटलं. डाओनिल ही मधुमेहाची, रक्तातली साखर उतरवणारी गोळी. रुग्णाला मधुमेह नव्हता. साखर इतकी खाली गेली की मेंदूला कायमची इजा झाली.

आता ती चिठ्ठी नाव सोडून वाचा. २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, २१ गोळ्या. तीन वेळा सात दिवस म्हणजे एकवीस, हा प्रतिजैविकाचा हिशोब आहे. डाओनिलची नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची, आणि मधुमेहाचं औषध सात दिवसांत संपत नाही. नाव फसवत होतं, पण आकडे ओरडून सांगत होते. न्यायालयानं डॉक्टरांना २५ टक्के जबाबदार धरलं आणि औषध देणाऱ्याला ७५ टक्के. वाईट लिहिणाऱ्यापेक्षा न विचारणाऱ्यावर तिप्पट भार पडला.

बयताड माणूस नेमकं हेच करतो. नाव बाजूला ठेवून तो आकडे पाहतो, मग चिठ्ठी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला विचारतो, "बाबा, तुमाले शुगर हाये का?"

"नाई बा, खोकला हाये."

"मग थांबा जरासक."

तो चिठ्ठीवर छापलेला नंबर फिरवतो. फोन लागला तर बरं. नाही लागला तर बाकीची औषधं देतो, ही एक ओळ सोडतो, आणि उद्या परत या म्हणतो. विक्री बुडते. रांगेतला माणूस चुळबुळतो. मला हे सारं मोलाचं वाटतं.

डॉक्टरांनी सुवाच्य लिहावं, औषधाचं मूळ नाव द्यावं आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, हा नियम भारतात २०१६ सालीच झाला. तो पाळला गेला तर विनोद मरेल, आणि मला त्याचं दुःख होणार नाही. छापील चिठ्ठ्या आता बऱ्याच ठिकाणी निघू लागल्यात, पण छापील नावंही एकमेकांसारखी दिसतात, म्हणून विचारणारा माणूस तेव्हाही लागेल.

म्हाताऱ्याला मात्र थांबायचं नव्हतं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि समोरच्या दुकानात गेला. तिथल्यानं एका नजरेत वाचली, पट्टी कापली, पाकिटावर १-१-१ लिहिलं. बयताड मेडिकलवाला अजून फोन कानाला लावून उभा होता. फोन उचलला गेला, तेव्हा त्यानं नाव नीट विचारून घेतलं आणि रस्ता ओलांडून त्या म्हाताऱ्याच्या मागे धावत गेला.