तीन नंबरचे सर आणि निरंकाचा धाक

2016 च्या एप्रिलात मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून पाणी रेल्वेनं लातूरला आलं. वॅगन भरल्या, गाडी निघाली, पोचली. आमच्या कॉलेजात मात्र वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर यायला निघालेली एक एक्सेलची फाइल ऑक्टोबरपासून वाटेतच होती.

ज्यांच्या घरात प्राध्यापक नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो. नॅकला दरवर्षी एक्यूएआर नावाचा अहवाल द्यावा लागतो आणि त्याची तारीख 31 डिसेंबर. त्यात सात निकष, प्रत्येकाचा एक धनी. त्यामुळे आमच्याकडे माणसांना आडनावं उरलेली नाहीत, नंबर आहेत. तीन नंबरच्या सरांकडे संशोधन आणि विस्तारकार्य. मी आयक्यूएसीचा समन्वयक, म्हणजे सगळ्यांच्या दारात झोळी घेऊन उभा राहणारा.

पहिली मेल मी सातही जणांना एकदम केली. ‘माहिती लवकरात लवकर द्यावी.’ सगळ्यांना पाठवलेली मेल ज्याला त्याला शेजाऱ्याची वाटते. आणि ‘लवकरात लवकर’ ही तारीख अजून कुठल्या कालनिर्णयात छापून आलेली नाही. उत्तर शून्य.

दुसऱ्या मेलमध्ये माझ्या अंगात तहसील कार्यालय संचारलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून वारंवार कळवूनही आपणाकडून माहिती अप्राप्त आहे. सबब होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.’ वर प्रत प्राचार्यांना. परिणाम लगेच झाला. फाइल आली नाही, पण तीन नंबरचे सर चार दिवस माझ्या टेबलावर चहाला आले नाहीत.

पाचव्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कळलं ते असं. माणूस आळशी नव्हता. चौदा जणांच्या शोधनिबंधांची माहिती त्यांना गोळा करायची होती: निबंधाचं पहिलं पान, ISSN क्रमांक, दुवा. ती अकरा जणांनी दिली होती, तिघांनी नाही. “पूर्ण झाल्याबिगर कसं द्यावं सर? काढायलोच की,” ते म्हणाले. म्हणजे मी त्यांच्या मागं, ते तिघांच्या मागं. अपुरी फाइल दिली तर कामचुकार ठरू, या भीतीनं अकरा जणांचं तयार कामसुद्धा लॅपटॉपात बसून होतं. आणि माझ्या दोन्ही मेलांमध्ये नेमकं काय हवं, हे एका शब्दानं नव्हतं.

मग तारखेचा विचार केला. सरांचं घर नांदेडला. शुक्रवारी दुपारनंतर त्यांचं निम्मं मन एसटीत असतं आणि सोमवारी सकाळी तेवढंच निम्मं परत आलेलं असतं. शिवाय गुरुवारी, 18 तारखेला, माळेगावची जत्रा. सरांचं गाव लोहा तालुक्यातलं. खंडोबाची पालखी आणि घोड्यांचा बाजार सोडून हा माणूस ISSN शोधत बसेल, असं मानणारा समन्वयक मराठवाड्याचा नव्हे. आदल्या दिवशीचा बुधवारही जत्रेतच जमा. राहिला मंगळवार. तिसरी मेल फक्त त्यांना गेली, प्रत कुणालाही नाही:

‘सर, नमस्कार. निकष 3 मधली अकरा जणांची माहिती तयार आहे असं परवा म्हणालात. आहे तशीच मंगळवार, 16 डिसेंबरला दुपारी चारपर्यंत पाठवा. बाकी तिघांची नावं कळवा, त्यांच्याकडून मी मागून घेतो. तारीख 16 एवढ्यासाठी, की नंतर सातही निकष जुळवून, तपासून 24 ला प्राचार्यांच्या सहीला द्यायचे आहेत. चारपर्यंत जे येणार नाही, त्या रकान्यात ‘निरंक’ लिहून मी पुढे जाईन. शिबिराचे जिओटॅग फोटो तुम्ही आधीच दिलेत, त्यामुळे माझं मोठं काम वाचलं. जत्रेहून आल्यावर चहा माझ्याकडे.’

‘निरंक’ हा शब्द मी जपून ठेवला होता. कारणे दाखवा नोटिशीला आमच्याकडे कुणी भीत नाही. तिला उत्तर देता येतं, आणि तिलाही मुदतवाढ मागता येते. पण वर्षभर राबून, दोन निबंध छापून, वेबसाइटवर आपल्या नावापुढं निरंक? धमकी म्हणावी तर तीत शिव्याशाप नाहीत, कारवाई नाही. चार वाजल्यानंतर मी काय करणार एवढंच सांगितलेलं. आणि ते मी खरंच करणार होतो. नाहीतर पुढच्या वर्षी माझी तारीख कुणी वाचलीही नसती. फोटोंचं कौतुकही खरंच होतं. खोटं असतं तर त्यांनी ते पहिल्या ओळीतच ओळखलं असतं, शेवटी ते संशोधनाचे प्रमुख.

मंगळवारी तीन बावन्नला फाइल आली. अकराच्या अकरा नोंदी, दुव्यांसकट. खाली सरांनी लिहिलं होतं: ‘राहिलेल्या तिघांची नावं सोबत जोडली आहेत. दुसरं नाव आपलंच आहे. आपल्या निबंधाचं पहिलं पान मी ऑक्टोबरपासून मागायलोय. चारला आठ मिनिटं कमी आहेत, सर.’