सन्माननीय, आणि उरले २९

मराठीत एसेमेस लिहिणाऱ्याला ७० जागा मिळतात, इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्याला १६०. यात कुणाचा डाव नाही. एका एसेमेसच्या पोटात १४० बाइटच मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत अंग चोरून बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सोळा बिटं अडवून ऐसपैस मांडी घालतं. त्यातून चिन्हं मोजायची रीत अशी की काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षराच्या पोटात लपलेला हलन्तसुद्धा वेगळा. ‘द्राक्ष’ हा तोंडात टाकला की संपणारा शब्द एसेमेसमध्ये सात जागा खातो.

मी नाशकात एका खासगी कचेरीत द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना फोनवर उत्तरं देण्याचं काम करतो. आमच्या साहेबांच्या मते उत्तराची सुरुवात अशीच व्हायला हवी: ‘सन्माननीय द्राक्षबागायतदार बंधू-भगिनींनो,’. स्वल्पविराम धरून याच्या ४१ जागा होतात. ७० मधून ४१ गेले, उरले २९. तेवढ्यात रोग, औषध, प्रमाण आणि फवारणीची वेळ बसवायची. ७१वं चिन्ह पडलं की एसेमेसचे दोन तुकडे होतात, आणि जोडणीचा हिशेब ठेवायला प्रत्येक तुकड्यातल्या तीन जागा जातात, म्हणजे ६७ उरतात. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मान द्यायला काय पैसे पडतात?” पडतात, साहेब. दोन एसेमेसचे पडतात.

एसेमेस आता कोण वाचतं, असं नाशिकरोडला राहणाऱ्याने विचारू नये. सुरगाणा-पेठकडे रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं अशी ठिकाणं आहेत, आणि बटणाचा फोन बंडीच्या खिशात ठेवणारी माणसं निफाडातही आहेत. अशांना नको असलेल्या नेटचे पैसे भरावे लागू नयेत म्हणून ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या बोलण्या-एसेमेसचे पॅकही ठेवायला लावले. पण खरी गंमत स्मार्टफोनवाल्यांचीच आहे, कारण त्यांच्याकडे नेट आहे असा सगळ्यांचा समज असतो.

नेट असतं, पण दिवसाला दीड जीबी. त्याचा घरातला प्रवास ठरलेला आहे. सकाळी देवदर्शनाचे व्हिडिओ येतात. दुपारी नातवाला कार्टून लावून दिल्याशिवाय तो जेवत नाही. संध्याकाळी मोठा मुलगा तोच फोन घेऊन मॅच बघतो. आबा बागेतून येऊन हातपाय धुऊन फोन हातात घेतात तेव्हा कंपनीचा निरोप आलेला असतो की आजचा कोटा संपला, आता ६४ केबीपीएस. हा आकडा दिसायला भरघोस आहे. प्रत्यक्षात ती किलोबिटं असतात, आठाने भागायची. म्हणजे सेकंदाला आठ केबी, तेही आकाश निरभ्र आणि टॉवर प्रसन्न असेल तर. रात्री बारा वाजता नवा कोटा उगवतो. आमच्याकडे काही शेतकरी बिबट्यासाठी जागे असतात, काही लाइटीसाठी, आणि काही या कोट्यासाठी.

आता डिसेंबरातल्या एका ढगाळ संध्याकाळची गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका आबांचा निरोप आला, “मण्यांवर पांढरं दिसतंय. सकाळी पंप जोडायचा. काय मारू?” आमच्या कचेरीत अशा प्रश्नाला उत्तर देण्याची एक पद्धत आहे. आधी उत्तर संगणकावर टाइप होतं. मग ते लेटरहेडवर छापलं जातं. त्यावर साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो. मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला जातो, शिक्का स्पष्ट दिसावा म्हणून एचडीचं बटण दाबून. सोबत ‘भुरी: ओळख व व्यवस्थापन’ ही रंगीत पीडीएफ जाते, जिच्या पहिल्या पानावर नुसते सूर्योदय आणि संचालक आहेत. फोटो दोन एमबी, पीडीएफ सहा. आठ एमबीला सेकंदाला आठ केबीने हजार सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटं. रेंज मध्येच गेली तर किती, ते वीज मंडळाला विचारावं, कारण गावात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही त्यांच्याच मागे जाते.

वीस मिनिटांनी आबांचा फोन. “साहेब, तुमचं गोल फिरतंय अजून.”

“फिरू द्या. येईल.”

“लग्नपत्रिका आहे का काय? वर काहीतरी चकचकीत दिसतंय, खाली समदं धूसर.”

त्या धूसर चित्राबरोबर एक गोष्ट मात्र लख्ख वाचता येत होती: चित्राखाली मी स्वतः टाइप केलेली ओळ. व्हॉट्सॲपवर चित्र उतरायच्या आधीच त्याच्याखालचा मजकूर येऊन थांबतो, कारण तो साधा मजकूर असतो, चित्राचा भाग नसतो. वर धूसर ठसा, खाली अक्षरं स्पष्ट. आमच्याकडे या जागेत ‘सोबत जोडलेले पत्र पाहावे’ असं लिहायचा प्रघात होता. म्हणजे जे लगेच पोचतं त्यात लिहायचं की जे पोचलेलं नाही ते पाहा. त्या दिवशी साहेब सही करून लगेच लग्नाला गेले होते, त्यामुळे मी तिथे हे लिहिलं होतं:

‘भुरी: सल्फर ८०% २ ग्रॅम/लि. उद्या सकाळी फवारा. ऊन तापल्यावर नको.’

मोजून ६४ जागा. एसेमेसनेही गेला असता, वर सहा शिल्लक. इंटरनेटवर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि टिंबं एकेक, म्हणून हा सगळा सल्ला झाला १६० बाइटचा. शिक्क्याचा फोटो त्याच्या साडेबारा हजार पट. भुरीला औषध तेवढंच लागतं, शिक्का मारला म्हणून ती दीड ग्रॅमला मरत नाही.

हिशेब कळल्यावर आमच्या कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याला हुरूप आला. तो म्हणाला, आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू, म्हणजे तीन बाइटांचं एकच होईल. एसेमेसपुरतं त्याचं बरोबर आहे, तिथे ७० चे १६० होतात. पण व्हॉट्सॲपवर या काटकसरीतून एका निरोपामागे शे-दीडशे बाइट वाचणार, आणि एक फोटो गेला की हजारो निरोपांची बचत बुडणार. शिवाय त्याने पहिलाच निरोप पाठवला ‘vel pahun phavara’. एका शेतकऱ्याने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने जाऊन वेल पाहिली, दोघांनी फवारलं नाही. तेव्हापासून आमचे सल्ले देवनागरीतच जातात. बाइट जिथे वाया जातात तिथेच वाचवावेत, मात्रांवर उपास कशाला.

आवाजी निरोपाचा मार्ग साहेबांना आवडतो, कारण त्यात आवाज त्यांचा असतो. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे केबी, म्हणजे मंद नेटवरही पंधरा-वीस सेकंदांत उतरतो. चित्रापेक्षा केव्हाही बरा. पण साहेबांच्या निरोपाची पहिली पंधरा सेकंदं ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का’ यात जातात, आणि विचारून झाल्यावर ते उत्तराची वाटही पाहतात. शिवाय पंपाच्या आवाजात, हातमोज्यांनी, ‘दोन ग्रॅम म्हणाले का दहा’ हे ऐकायला निरोप मागे ओढत बसणं कुणाला जमतं? प्रमाण डोळ्यांना दिसलं पाहिजे.

जड उत्तराइतकाच जड प्रश्नही असतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. शेतकऱ्याने ‘पांढरं दिसतंय’ म्हटलं की आमच्याकडून ठरलेलं उत्तर जातं: ‘चार बाजूंनी फोटो पाठवा.’ वर चढणारा फोटोही त्याच दीड जीबीतून जातो. कॅमेऱ्यातला मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो साधा पाठवला तर व्हॉट्सॲप आवळून त्याचे काही शे केबी करतं. पण कुणीतरी हुशारी शिकवलेली असते की ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्लिअर दिसतो’. मग तो अख्खाच्या अख्खा येतो, चारही मिळून बारा-सोळा एमबी, आणि चारांतल्या तिनांत आबांचा अंगठा.

त्याऐवजी दोन प्रश्न पुरतात. पांढरं बोटाने पुसलं जातं का, आणि पान उलटलं की काय दिसतं? राखेसारखी भुकटी पानाच्या वरच्या अंगालाही दिसत असेल आणि बोटाला लागत असेल तर भुरी. वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली, उलट्या अंगाला, कापसासारखी पांढरी बुरशी असेल तर डाउनी, म्हणजे केवडा. त्याला सल्फर चालत नाही, औषधं वेगळी. औषध सांगण्याआधी आबांनाही मी हेच विचारलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘पुसतंय. खाली डाग नाय.’ एवढ्यावर निदान झालं. मात्र दोन्ही एकदम आलेलं असेल, किंवा पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण असेल, तर शब्द अपुरे पडतात. तेव्हा एकच फोटो मागवावा, जवळून, साधा, पानाच्या उलट्या बाजूचा.

हलक्या निरोपाचा हा धंदा नवा नाही. २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रातच ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ काढलं होतं. आपल्या पिकाचे बाजारभाव आणि हवामान मराठी एसेमेसने येत, त्याची वर्गणी भरावी लागे. भाव, हवामान, पीक हे सगळं ७० जागांच्या तुकड्यांत बसवणाऱ्या त्या अनाम माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांनी ‘सन्माननीय’ नक्कीच गाळलं असणार. पुढे अर्थशास्त्रज्ञ फाफशाँ आणि मिंटेन यांनी राज्यातल्या शंभर गावांत ही सेवा तपासली, तेव्हा शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरीने काही फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे निरोप हलका असून भागत नाही, व्यापारीही हलका व्हावा लागतो.

आणि एक अडचण साहेब म्हणतात तशीच आहे, हे कबूल करायला मला जड जातं. छोटं उत्तर लोकांना फुकटचं वाटतं. आबांना ती ६४ जागांची ओळ मिळाली, त्यांनी ती वाचली, आणि पुन्हा फोन केला.

“एवढंच?”

“एवढंच, आबा. सकाळी मारा, पाणी भरपूर घ्या.”

“मागल्या वर्षी कंपनीवाला आला होता, त्यानं सहा औषधं लिहून दिली होती.”

“लागली का?”

“दोन लागली. पण कागद मोठा होता.” थोडा वेळ ते गप्प राहिले. “सकाळी मारतो मी हे. पण ते तुमचं फिरतंय ना, शिक्क्याचं, ते बंद नका करू. बारा वाजले की उतरवून घेतो. सोसायटीत दाखवायला बरं पडतं.”