सदुसष्ट टक्क्यांचा हट्ट

एखाद्याच संकेतस्थळावरची अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली की वाचक आधी चष्म्याला, मग संकेतस्थळ चालवणाऱ्या बँकेला आणि शेवटी नव्या पिढीच्या अभिरुचीला दोष देतो. खरा गुन्हेगार मात्र बहुधा त्याचीच करंगळी असते. मजकूर कॉपी करताना दाबलेली Ctrl कळ सुटायच्या आत माउसचे चाक चार खाचा खाली फिरले, तर क्रोम हा ब्राउझर ते पान खाली सरकवत नाही, तर ९०, ८०, ७५ अशा पायऱ्या उतरत ६७ टक्क्यांवर नेऊन ठेवतो. ही पान लहानमोठे करण्याची सोय म्हणजे झूम.

इथवर झाला तो अपघात. तो कायमचा होतो क्रोमच्या स्मरणशक्तीमुळे. क्रोम झूमची नोंद यजमाननावापुढे, म्हणजे पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीच्या नावापुढे करतो आणि ती वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये जपून ठेवतो, त्यामुळे संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा राष्ट्रीय उपाय येथे निष्फळ ठरतो. बँकेचे मुखपृष्ठ www ने आणि खात्याचे पान netbanking ने सुरू होत असेल, तर ती दोन वेगळी यजमाननावे ठरतात. परिणामी व्याजदर भिंगातून वाचावे लागतात आणि खात्यातली शिल्लक मात्र, ती कितीही तुटपुंजी असली तरी, पूर्ण आकारात दिसते. कुकीज पुसूनही फरक पडत नाही, कारण झूमची गणना संकेतस्थळाने ठेवलेल्या माहितीत होत नाही, तर वापरकर्त्याने त्या स्थळासाठी केलेल्या निवडीत होते. ती निवड त्याने कधी केली हे त्याला ठाऊक नसते, ही बाब क्रोमच्या लेखी गौण आहे.

निदान सोपे आहे. झूम नेहमीपेक्षा वेगळा असेल तर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटे भिंग उमटते, त्यावर टिचकी मारली की टक्के आणि शेजारी Reset हे बटण दिसते. तेच काम Ctrl आणि 0 या कळा एकत्र दाबूनही होते. अशी किती स्थळे बिघडली आहेत हे पाहायचे असेल, तर पुढील पत्ता टंकावा:

```
chrome://settings/content/zoomLevels
```

येथे नावे व टक्के ओळीने मांडलेले असतात आणि नको ती नोंद काढून टाकता येते.

एक मेख मात्र ध्यानात घ्यावी लागते. Reset म्हणजे शंभर टक्के नव्हे, तर क्रोमच्या सेटिंगमध्ये सर्व स्थळांसाठी ठरवलेले मूळ प्रमाण होय; म्हणून घरातल्या कोणी आजोबांच्या सोयीसाठी ते १२५ करून ठेवले असेल, तर नातू कितीही वेळा Ctrl आणि 0 दाबो, पान १२५ वरच येऊन थांबते, आणि क्रोमच्या दृष्टीने तेच यथास्थित असल्यामुळे भिंगही उमटत नाही.